इन्कॉग्निटो: घरच्यांपासून लपलेलं, साइटला दिसलेलं

एप्रिल २०२४मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका न्यायालयात तडजोडीची कागदपत्रं दाखल झाली. ‘ब्राऊन विरुद्ध गूगल’ हा खटला जून २०२०पासून चालू होता आणि फिर्यादींनी किमान ५ अब्ज डॉलरची भरपाई मागितली होती. तडजोडीत लोकांच्या हाती रोख काहीच पडलं नाही. ज्याला भरपाई हवी, त्याने स्वतंत्र दावा लावावा, एवढी मोकळीक तेवढी राहिली. पण गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं कबूल केलं. या नोंदी होत्या क्रोममध्ये इन्कॉग्निटो उघडून बसलेल्या लोकांच्या. आपण काय पाहतोय याची कुठेही नोंद होत नाही, अशी त्यातल्या अनेकांची समजूत होती.

आरोप खोटे आहेत आणि हा डेटा कुणा व्यक्तीच्या नावाशी जोडलेला नव्हता, असं गूगलचं म्हणणं शेवटपर्यंत राहिलं. तरी एक प्रश्न उरतोच. लपवण्यासाठीच बनवलेल्या खिडकीतून एवढ्या नोंदी बाहेर गेल्या कशा?

त्याचं उत्तर या सोयीच्या जन्मातच आहे. ॲपलच्या सफारीत खाजगी ब्राउझिंग २००५मध्ये आलं. क्रोम २००८च्या सप्टेंबरात बाजारात उतरलं ते इन्कॉग्निटोसकट. तेव्हा घरात एकच संगणक असायचा आणि त्यावर सगळ्यांचा हात फिरायचा. आपल्यानंतर खुर्चीत बसणाऱ्याला आपण काय शोधलं ते कळू नये, एवढाच प्रश्न सोडवायचा होता. त्यामुळे इन्कॉग्निटो जे काही करतं ते फक्त त्या यंत्रावर. खिडकी उघडली की ब्राउझर कोऱ्या पाटीने सुरुवात करतो. जुन्या कुकीज वापरत नाही, हिस्ट्री लिहीत नाही, फॉर्ममध्ये भरलेलं लक्षात ठेवत नाही. आणि शेवटची इन्कॉग्निटो खिडकी बंद झाली की त्या बैठकीत जमलेल्या कुकीज टाकून देतो. पाहिलेली साइट कुठे असते? मुंबईच्या, सिंगापूरच्या नाहीतर व्हर्जिनियाच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये. तिथल्या वहीत काय लिहायचं, हे ठाण्यातल्या लॅपटॉपवरचा ब्राउझर ठरवू शकत नाही.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. ठाण्यातल्या एका घरात एकच लॅपटॉप आहे. घरातल्या बाईंना छातीत गाठ जाणवते आहे. तपासणी होईपर्यंत नवऱ्याला आणि सासूबाईंना उगाच घोर नको, म्हणून त्या Ctrl + Shift + N दाबून काळी खिडकी उघडतात. आजाराची माहिती शोधतात, एका रुग्णालयाच्या साइटवर जातात, मॅमोग्राफीच्या तयारीची पीडीएफ उतरवून घेतात, आणि मधेच त्याच खिडकीत दुसरा टॅब उघडून जीमेल पाहतात. मग पुन्हा थोडी शोधाशोध करून खिडकी बंद करतात.

संध्याकाळी मुलगा लॅपटॉप उघडतो. हिस्ट्रीत काही नाही. सर्चच्या चौकटीत दोन अक्षरं टाइप केली तरी आईचे शब्द वर येत नाहीत. इथवर इन्कॉग्निटोने आपलं काम चोख केलं. मात्र डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ती पीडीएफ आहे, तीही रुग्णालयाच्या नावासकट. ब्राउझर डाउनलोडची यादी पुसतो, फाइल पुसत नाही. बाईंनी ते पान बुकमार्क केलं असतं, तर तो बुकमार्कही नेहमीच्या क्रोममध्ये जसाच्या तसा दिसला असता. मुलगा थोडा तरबेज असेल तर विंडोजच्या काळ्या पडद्यावर हा आदेश देईल:

```
ipconfig /displaydns
```

कोणत्या साइटचा पत्ता अलीकडे विचारला गेला, याची तात्पुरती यादी विंडोज स्वतःकडे ठेवतं आणि तिचा इन्कॉग्निटोशी संबंध नाही. संगणक बंद होईपर्यंत किंवा नोंदीची मुदत संपेपर्यंत रुग्णालयाच्या साइटचं नाव त्या यादीत सापडू शकतं. पान कोणतं पाहिलं ते मात्र तिथे कळत नाही.

खरी गोम जीमेलच्या त्या टॅबमध्ये आहे. इन्कॉग्निटोचे सगळे टॅब एकाच बैठकीचे असतात. एका टॅबमध्ये गूगल खात्यात शिरलं की दुसऱ्या टॅबमधला गूगल सर्चही त्याच खात्याचा होतो. खात्यात सर्चची नोंद ठेवण्याची सोय चालू असेल, तर जीमेल पाहिल्यानंतरचे सगळे शोध त्या खात्यात जमा झाले. आता तेच खाते हॉलमधल्या टॅबलेटवर चालू असेल, कारण टॅबलेट घेतला तेव्हा सेटिंग त्यांच्याच नंबरवरून केलं होतं, तर सासूबाईंनी तिथे सर्चच्या चौकटीवर बोट ठेवताच अलीकडचे शोध म्हणून तेच शब्द समोर येऊ शकतात. यूट्यूबचीही तीच तऱ्हा. लॉग-इन करून पाहिलेला व्हिडिओ इन्कॉग्निटोत पाहिला काय नि बाहेर पाहिला काय, त्याच खात्यावर चालणाऱ्या टीव्हीवर रात्री त्याच विषयाच्या शिफारशी येतात. पुढच्या दाराला कडी घालून मागचं दार उघडं ठेवावं, तसा हा प्रकार. घरच्यांपासून लपवायचं म्हणून जे केलं, ते साइटच्या वाटेने पुन्हा घरात शिरलं.

आता तोच तासभर रुग्णालयाच्या बाजूने पाहू. त्यांच्या सर्व्हरवर नोंद झाली: अमुक वाजता, अमुक आयपी पत्त्यावरून, विंडोजवरच्या क्रोममधून, मॅमोग्राफीचं पान उघडलं गेलं, पीडीएफ उतरवली गेली. हे नेहमीच्या खिडकीतून झालं असतं तरी नोंद अगदी अशीच झाली असती. आयपी पत्ता घरच्या ब्रॉडबँडचा असतो आणि खिडकी काळी केल्याने तो बदलत नाही. बाईंनी ‘आम्ही तुम्हाला फोन करू’च्या चौकटीत नंबर भरला असेल, तर रुग्णालयाला नावगावही कळलं. आणि फोन नेमका सगळे जेवायला बसलेले असताना येतो.

शिवाय त्या पानावर रुग्णालय एकटं नसतं. किती लोक आले, काय पाहून गेले, हे मोजायला असंख्य साइट गूगल ॲनालिटिक्स वापरतात. पान उघडलं की त्यातली छोटी स्क्रिप्ट पानाचा पत्ता आणि शीर्षक परस्पर गूगलकडे पाठवते. इथे अनेकांना वाटतं, की क्रोम इन्कॉग्निटोत तिऱ्हाइतांच्या कुकीज अडवतो, मग हे कसं जाईल? क्रोम त्या अडवतो हे खरं आहे. तडजोडीत तर पुढची पाच वर्षं त्या अडवत राहण्याची अटच आहे. पण ॲनालिटिक्सची कुकी त्या रुग्णालयाच्याच नावाने बसते, तिऱ्हाइताच्या नव्हे. म्हणून ती अडत नाही. खिडकी बंद झाल्यावर ती पुसली जाते आणि पुढच्या खेपेला बाई नव्या पाहुण्या म्हणून मोजल्या जातात. फायदा इतकाच, आणि तोही लॉग-इन केलं नाही तरच.

खटल्यात यापेक्षाही गमतीची गोष्ट बाहेर आली. नेहमीच्या खिडकीतून क्रोम गूगलच्या साइटकडे विनंतीसोबत X-Client-Data नावाची एक ओळ पाठवतो. इन्कॉग्निटोत ती पाठवत नाही, हेतू चांगलाच. पण क्रोमकडून विनंती आली आणि ती ओळ नाही, यावरूनच ही बहुधा इन्कॉग्निटोची असावी असा अंदाज बांधता येतो. गूगलच्या काही अंतर्गत नोंदींत असा अंदाज दाखवणारं चिन्ह खरोखर होतं आणि ते वेळेत उघड न केल्याबद्दल न्यायालयाने कंपनीला दंडात्मक शिक्षाही सुनावली.

बातम्यांच्या साइटनी हा खेळ वेगळ्या तऱ्हेने खेळून पाहिला होता. महिन्याला ठरावीक लेख फुकट देणाऱ्या वृत्तपत्रांचा हिशेब कुकीजवर चालायचा आणि वाचक इन्कॉग्निटो उघडून तो चुकवायचे. क्रोम त्या खिडकीत फाइल साठवण्याची एक सोय बंद ठेवत असे. साइट ती सोय मागून पाहायच्या आणि नकार आला की ओळखायच्या. २०१९मध्ये क्रोमच्या ७६व्या आवृत्तीत ही फट बुजवली गेली.

लोकांचा गैरसमज किती खोल आहे, हे २०१८मध्ये शिकागो विद्यापीठ आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी तपासलं. त्यांनी ४६० जणांना वेगवेगळ्या ब्राउझरच्या खाजगी खिडकीवरची सूचना वाचायला दिली आणि मग प्रश्न विचारले. खात्यात लॉग-इन असतानाही सर्चची नोंद होत नाही, असं निम्म्याहून अधिक लोकांना वाटलं. ही सूचना वाचल्यानंतरची गोष्ट, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कित्येकांना ही खिडकी व्हायरसपासूनही वाचवते असं वाटत होतं. दोष एकट्या वाचकाचा म्हणता येणार नाही. टोपी-चष्म्यातला गुप्तहेर दाखवायचा आणि खाली बारीक अक्षरांत, हे सगळ्यांपासून लपत नाही बरं का, असं सांगायचं, तर माणूस चित्रावरच विश्वास ठेवणार. गूगलच्या अभियंत्यांनीही आपसात या नावाची आणि चित्राची थट्टा केल्याचं खटल्यातल्या कागदपत्रांत दिसलं. २०२४च्या सुरुवातीला सूचनेचा मजकूर बदलला. तुम्ही पाहता त्या साइट आणि गूगलसह त्यांच्या सेवा जो डेटा गोळा करतात, त्यात या खिडकीने फरक पडत नाही, असं आता तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही साइटचं नाव सहसा दिसतं. Https असेल तर आतलं पान दिसत नाही. कार्यालयाच्या लॅपटॉपवर मात्र देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल, तर पडद्यावरचं सगळंच दिसू शकतं.

ठाण्यातल्या बाईंना हवं होतं ते मिळवणं तसं अवघड नव्हतं. त्या खिडकीत कुठल्याही खात्यात लॉग-इन करायचं नाही, जीमेल नेहमीच्या खिडकीत पाहायचं, पीडीएफ वाचून झाली की फाइल पुसून रिसायकल बिनमधूनही काढायची, आणि फोन नंबर साइटवर न टाकता आपणच रुग्णालयाला फोन करायचा. चुकून लॉग-इन झालंच असेल, तर myactivity.google.com या पानावर त्या तासाच्या नोंदी दिसतात आणि तिथून खोडता येतात.

हेच सगळं त्यांनी अँड्रॉइड फोनवर केलं असतं, तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागली असती. होमचं बटण दाबल्याने इन्कॉग्निटोचे टॅब बंद होत नाहीत. फोन दुसऱ्याच्या हाती गेला आणि त्याने क्रोम उघडलं, तर ते पान तसंच समोर येतं. वरून खाली ओढलेल्या सूचनांच्या पट्टीत सगळे इन्कॉग्निटो टॅब बंद करण्याची सूचना असते, ती दाबावी लागते. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘Privacy and security’ या भागात ‘Lock Incognito tabs when you leave Chrome’ हा पर्यायही आहे. तो चालू केला, की क्रोममधून बाहेर पडून परत आल्यावर ते टॅब बोटाच्या ठशाशिवाय किंवा फोनच्या पिनशिवाय उघडत नाहीत.