पोच घेतलेला अर्ज

रिसेलचा फ्लॅट घेतला, करारनामा नोंदवला, इंडेक्स टू हातात आला, तरी सोसायटीच्या दप्तरात मालक म्हणून जुनंच नाव असतं. ते बदलायला अर्ज करावा लागतो आणि त्यातले काही कागद विकणाऱ्याच्या सहीचे असतात. पूर्ण पैसे मिळून तो दुसऱ्या गावी गेला की या सह्या मिळवणं जड जातं. म्हणून शेवटचा चेक देण्याआधीच शेअर हस्तांतराची नोटीस आणि अर्ज यांवर त्याच्या सह्या घ्याव्यात आणि मूळ शेअर सर्टिफिकेट ताब्यात घ्यावं. सर्टिफिकेटवर नवरा-बायको दोघांची नावं असतील, तर सह्याही दोघांच्या लागतात.

समजा, ठाण्यातल्या एका सोसायटीत तुम्ही फ्लॅट घेतला आहे. सेक्रेटरींना लिहायचं पत्र अगदी साधं असतं: ‘फ्लॅट क्रमांक अमुक मी अमुक तारखेच्या नोंदणीकृत करारनाम्याने विकत घेतला आहे. मला सभासद करून घ्यावं आणि शेअर सर्टिफिकेट माझ्या नावे करून द्यावं. सोबतचे कागद खालीलप्रमाणे.’ खाली प्रत्येक कागदाचं नाव लिहावं: विहित नमुन्यातले अर्ज, करारनाम्याची आणि इंडेक्स टूची प्रत, मूळ सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला. नमुने सोसायटीच्या उपविधींच्या परिशिष्टात असतात.

पत्राची दुसरी प्रत जवळ ठेवून तिच्यावर शिक्का, सही आणि तारीख घ्यायला अजिबात विसरू नये. सगळी मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ नुसार अर्ज मिळाल्यापासून ३ महिन्यांत सोसायटीने काहीच कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. ५ जूनची पोच असेल, तर ही मुदत ५ सप्टेंबरला भरते. नकार द्यायचा असेल, तर तो कारणांसह कळवावा लागतो. त्याविरुद्ध २ महिन्यांत उपनिबंधकांकडे अपील करता येतं. सेक्रेटरी पत्रच घेत नसतील, तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावं.

खरा तंटा बहुधा पैशांवरून होतो. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरण फी ५०० रुपये आणि प्रवेश फी १०० रुपये असते. त्यावर सर्वसाधारण सभेने ठरवलेला प्रीमियम येतो. महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. म्हणजे ठाण्यात फार तर २५,६०० रुपये होतात. ‘इमारत निधी’ किंवा ‘डोनेशन’ म्हणून लाखभर मागितले, तर वाद घालत बसू नये. ही मागणी कोणत्या सभेच्या कोणत्या ठरावाने केली, एवढंच लेखी विचारावं. बेकायदा रक्कम सोसायटी सहसा लेटरहेडवर लिहून देत नाही आणि मागणी तिथेच नरमते.

सर्टिफिकेट परत आलं की ते उलटून पाहावं. हस्तांतराची नोंद मागच्या बाजूला असते. नाव करारनाम्याबरहुकूम आहे का, चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या आहेत का, हे तिथेच उभं राहून तपासावं.