बांधीत पुरलेला पाइप

भाताच्या बांधीत सतत पाणी तुंबवून ठेवले, तरी पीक त्यातले थोडेच वापरते. बरेचसे पाणी जमिनीत मुरते आणि बांधातून झिरपते. वर पाण्याचा थर जितका उंच, तितके हे मुरणे जास्त. थर उतरू दिला, की ही गळती कमी होते; मुळांना मात्र चिखलातला ओलावा मिळत राहतो.

पण किती उतरू द्यायचा? वरची माती सुकलेली दिसली, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्यावर अगदी साधी युक्ती काढली. सुमारे ३० सेंमी लांबीचा प्लास्टिकचा पाइप घ्यायचा आणि त्याच्या खालच्या भागाला चहूबाजूंनी भोके पाडायची. हा भाग मातीत पुरून आतली माती काढून टाकायची. बांधीत पाणी असताना पाइपातली पातळी बाहेरच्याइतकीच हवी. तशी नसेल, तर भोके बुजली आहेत असे समजावे.

रोवणीनंतर पहिले दोन आठवडे पाणी साठवून ठेवावे, नाहीतर तण माजते. मग पाइपातली पातळी जमिनीखाली १५ सेंमीवर गेली, की ५ सेंमी पाणी भरायचे आणि पुन्हा उतरू द्यायचे. युरिया पाणी भरण्याच्या आधी कोरड्या मातीवर टाकावा. फुलोऱ्याच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत मात्र बांधी सुकू द्यायची नाही. तेव्हा ताण बसला तर दाणे पोचट राहतात. ही शिस्त पाळली, तर उत्पन्न न घटता ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते. पातळी त्याहून खाली गेली, की जमिनीला खोल भेगा पडतात आणि पुढच्या पाळीचे पाणी त्यांतूनच निघून जाते. रेताड जमिनीत तर पाणी इतक्या झपाट्याने उतरते की तिथे ही पद्धत जपूनच वापरावी.

पंपाचे डिझेल स्वतःच्या खिशातून भरणाऱ्याला बचत लगेच दिसते. कालव्यावर गणित वेगळे असते, कारण पाणीपट्टी क्षेत्रावर असेल तर कमी पाणी घेऊन पैसा वाचत नाही. फिलिपिन्सच्या बोहोल बेटावर हीच अडचण होती. वरचे शेतकरी मनसोक्त पाणी घेत आणि शेवटच्या शेतांना ते पोचत नसे. २००६च्या सुमारास तिथल्या सिंचन प्रशासनाने पाळ्यांचे वेळापत्रकच या पद्धतीनुसार बांधले. दोन्ही हंगाम सगळीकडे भात पिकला तर २०० टक्के, अशा हिशेबाने तिथली पीकघनता ११९ टक्क्यांवरून सुमारे १६० टक्क्यांवर गेली.

आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या उन्हाळी धानाला ही पद्धत लागू पडण्याजोगी आहे. कोकणातल्या पावसाळी भाताला तिचा उपयोग थोडाच, कारण तिथे बांधी सुकवायची वेळ पाऊसच ठरवतो.