रविवारचा पाठ कोणी निवडायचा?

चाळीस-पन्नास माणसांच्या मंडळीत समोरच्या प्रत्येक चेहऱ्यामागचे घर उपदेशकाला माहीत असते. कोणाकडे दारूचा त्रास आहे, कोणत्या दोन भावांचे बांधावरून वाजले आहे, कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, हे सगळे पाळकसाहेबांना ठाऊक असते. आणि त्यांना ठाऊक आहे, हे मंडळीलाही ठाऊक असते. अशा ठिकाणी ‘आज आपण क्षमा या विषयावर मनन करू’ एवढे म्हटले, की माना एकाच बाकाकडे वळतात. हजार माणसांच्या शहरी चर्चमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही. म्हणून ठरलेला वाचनक्रम घ्यावा की विषय निवडून उपदेश करावा, हे ठरवताना लहान मंडळीने आधी एक गोष्ट विचारावी: रविवारचा पाठ कोणी निवडला, याचे उत्तर आपल्याला काय द्यायचे आहे?

वाचनक्रमाची रीत अशी. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मंडळीचे वर्ष सुरू होते आणि प्रत्येक रविवारचे पाठ आधीच नेमलेले असतात. १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी पत्र आणि शुभवर्तमान यांचे उतारे दरवर्षी तेच येत. उतारे लोकांना पाठ होत, पण शास्त्राचा मोठा भाग रविवारी कानावरच पडत नसे. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये तीन वर्षांचा क्रम आणला. त्याच धर्तीवर अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी’ वापरतात. तिच्यात पहिले वर्ष मत्तयाचे, दुसरे मार्काचे, तिसरे लूकचे. योहान तिन्ही वर्षांत विभागलेला. दर रविवारी जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान असे चार पाठ असतात. ज्यांना आपल्या धर्मप्रांताकडून वेगळा तक्ता येतो त्यांनी तो वापरावा. पुढचे हिशेब तसेच करता येतील.

विषयवार उपदेशात उलट चालते. आधी विषय ठरतो, मग त्याला उतारा शोधला जातो. गरज ताजी असते, लोक कान देऊन ऐकतात. पण विषय उपदेशकाच्या मनातून येतो, आणि एका माणसाच्या मनात वर्षाला बावन्न विषय नसतात. पाच-सहाच असतात, तेच वेश बदलून येत राहतात.

आता २०२६-२७ चे वर्ष प्रत्यक्ष मांडून पाहू. हे मार्काचे वर्ष. आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबर २०२६ ला येतो. १९७० मध्ये याच तारखेला नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली, त्यामुळे त्या मंडळ्यांसाठी तो दुहेरी दिवस. पुनरुत्थानाचा सण २८ मार्च २०२७ ला आणि पेंटेकॉस्ट १६ मे ला. म्हणजे आगमनापासून पेंटेकॉस्टपर्यंत २५ रविवार झाले, आणि पुढच्या आगमनापर्यंत उरले २७.

पहिल्या २५ रविवारांत नेमलेला क्रम धरावा. या काळात नाताळ, उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, पुनरुत्थान अशी कथा पुढे सरकत असते आणि लोकांचे सण तिच्याशी बांधलेले असतात. एक उणीव मात्र ध्यानात ठेवावी. पुनरुत्थानापासून पेंटेकॉस्टपर्यंत पहिला पाठ प्रेषितांच्या कृत्यांतून घेतात. त्या आठवड्यांत जुना करार जवळजवळ फक्त स्तोत्रांतून ऐकू येतो.

खरी निवड उरलेल्या २७ रविवारांची आहे. पेंटेकॉस्टनंतर तक्ता जुन्या करारासाठी दोन वाटा देतो. एका वाटेने पाठ शुभवर्तमानाशी जुळेल असा निवडलेला असतो. दुसरीने एखादी कथा ओळीने वाचली जाते. मार्काच्या वर्षी ही दुसरी वाट दाविदाच्या कथेची आहे. ३० मे ला बाळ शमुवेलाची हाक, ६ जूनला लोकांची राजा मागण्याची हौस, १३ जूनला दाविदाचा अभिषेक, मग गल्याथ, शौलासाठी विलाप, राज्यारोहण, कराराचा कोश यरुशलेमेत, नाथानाचे भाकीत. २५ जुलैला बथशेबा, १ ऑगस्टला नाथानाचा ठपका, ८ ऑगस्टला अबशालोमाचा अंत. आणि १५ ऑगस्ट २०२७ हा रविवार आहे. त्या दिवशी नेमलेला पाठ आहे १ राजे, अध्याय ३: नवा राजा शलमोन संपत्ती न मागता न्याय करण्याची बुद्धी मागतो. स्वातंत्र्यदिनासाठी विषय हुडकायला बसले असते, तर याहून नेमका पाठ हाती लागला असता असे वाटत नाही.

हे झाले १२ रविवार. कथा ओळीने चालल्याचा लहान मंडळीला मोठा फायदा १ ऑगस्टला कळतो. त्या दिवशी परस्त्री, खून आणि सत्तेचा माज हे सगळे समोर येते, आणि कोणालाही असे म्हणता येत नाही की ‘साहेबांनी हे माझ्यासाठी काढले’. गेल्या आठवड्यात अकरावा अध्याय झाला, म्हणून आज पुढचा आला. त्याच पाठात आणखी एक धडा आहे. नाथानाने एका माणसाला त्याचे पाप दाखवले, पण त्यासाठी तो थेट त्या माणसाकडे गेला आणि त्याला गोष्ट सांगितली. पुलपिटावरून चाळीस जणांसमोर एकाला ऐकवणे हा त्याचा मार्ग नव्हता. एका घराला सांगायचे असेल तर त्या घरी जावे. रविवारचा विषय त्यासाठी खर्च करू नये.

जॉन कॅल्व्हिनची हकीकत इथे आठवते. जिनिव्हाने त्याला १५३८ मध्ये हाकलले आणि १५४१ मध्ये परत बोलावले. पुन्हा उपदेशाला उभा राहिला तेव्हा हिशेब चुकता करण्याची संधी आयती होती. त्याने ओळीने चाललेले पुस्तक जिथे थांबले होते, तिथूनच पुढचा उतारा घेतला.

ठरलेल्या क्रमातही खड्डे आहेत. पहिला म्हणजे गाळलेली वचने. ११ जुलैचा पाठ २ शमुवेल ६ मधून येतो: वचने १ ते ५, मग एकदम १२ व्याच्या उत्तरार्धापासून १९. मधल्या वचनांत कोशाला हात लावणारा उज्जा मरतो. मांडीवर शास्त्र उघडून बसलेली आजी ती वचने वाचणारच. तसेच बाराव्या अध्यायावरून तक्ता थेट अठराव्यावर जातो आणि मधल्या तामारेवर तिच्या भावाने केलेला अत्याचार सुटतो. तो कळल्याशिवाय अबशालोमाचा संताप समजत नाही. म्हणून नियम साधा ठेवावा: नेमलेल्या पाठाच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय उपदेशकाने घरी वाचावा, गाळलेला भाग शक्य तिथे वाचून दाखवावा, नाहीतर निदान काय सुटले ते सांगावे.

दुसरा खड्डा चारही पाठांची मोट बांधण्याचा. पेंटेकॉस्टनंतर पत्राचा पाठ स्वतःच्या ओळीने चालतो. शुभवर्तमानाशी त्याचा मेळ मुळात घातलेला नसतो. ‘आजच्या चारही पाठांत एकच संदेश आहे’ असे वाक्य दर आठवड्याला येऊ लागले, की समजावे उपदेशक ओढाताण करतो आहे. लहान मंडळीत दोन पाठ आणि स्तोत्र पुरे. उपदेश एकाच पाठावर. तिसरा खड्डा मार्काच्या वर्षाचाच. मार्क लहान असल्यामुळे २५ जुलैपासून २२ ऑगस्टपर्यंत सलग पाच रविवार योहान ६, म्हणजे जीवनाची भाकर, येते. तिसऱ्या आठवड्यात सांगायचे संपते. दाविदाची कथा हाती असेल तर या पाचांतल्या एकाच रविवारी भाकरीवर बोलावे.

मग विषयांना जागा कुठे? २३ मे चा त्रैक्य रविवार सोडला तर २२ ऑगस्टपासून २१ नोव्हेंबरपर्यंत १४ रविवार उरतात. त्यांतले सप्टेंबरचे चार एका विषयाला द्यावेत आणि तो विषय जूनमध्येच जाहीर करावा. आधी जाहीर झालेला विषय कोणा एकावर रोखलेला वाटत नाही. समजा, कमिटीने ‘कर्ज’ ठरवले. शब्दसूचीतून वचने वेचून माळ करू नये. दर रविवारी एकच अखंड उतारा घ्यावा आणि चारही उतारे एका सुरात बोलणारे नसावेत. ५ सप्टेंबरला नीतिसूत्रे ६:१-५, दुसऱ्याला जामीन राहून अडकलेला माणूस. पतसंस्थेच्या कागदावर शेजाऱ्यासाठी सही केलेल्यांना हे वेगळे समजवावे लागत नाही. १२ ला नहेम्या ५:१-१३, धान्यापायी शेते गहाण पडलेले लोक आणि त्यांच्याच बांधवांतले सावकार. १९ ला अनुवाद १५:१-११, सातव्या वर्षीची कर्जमाफी आणि ते वर्ष जवळ आले म्हणून हात आखडणारा धनको. २६ ला लूक १९:१-१०, लुबाडलेले चौपट परत करणारा जक्कय. पहिला उतारा ऋणकोच्या बाजूचा, मधले दोन धनकोला जाब विचारणारे, शेवटचा परतफेडीचा. नुसती वचने वेचली असती, तर ‘कर्ज काढू नका’ या एका वाक्यापुढे चार आठवडे सरकले नसते.

उरलेले दहा रविवार महिलांचा, तरुणांचा, हंगामाच्या सणाचा अशा खास दिवसांनी भरू लागतात. तिथेही हात राखावा. तीन-चारांहून जास्त खास रविवार झाले, की क्रम नावालाच उरतो. बाकीच्यांत मार्क पुढे चालू ठेवावा. पाहुण्या उपदेशकालाही त्या रविवारचा उतारा आधी कळवावा. नाहीतर एकाच हंगामात तीन पाहुणे उधळ्या पुत्रावरच बोलून जातात.

गावात अपघाती मृत्यू झाला, पुरात घरे गेली, तर क्रमाला चिकटून बसणे निष्ठुरपणाचे. त्या दिवशी नेमलेला पाठ वाचावा आणि बोलावे मात्र जे घडले त्यावर. पुढच्या रविवारी क्रम जिथे होता तिथून उचलावा.

हे सगळे नीट चालले आहे की नाही, ते एका वहीत दिसते. तारीख, उतारा, उपदेशक, आणि मुख्य मुद्दा एका ओळीत, असे चार रकाने. सहा महिन्यांनी पास्टरेट कमिटीने ती वाचावी. उतारे पत्रांतलेच असतील आणि संदेष्टे कुठेच नसतील, तर निवड पुन्हा एकाच माणसाच्या आवडीवर गेली आहे. उतारे वेगवेगळे पण मुद्द्याच्या रकान्यात ‘दानधर्म’ आणि ‘आज्ञापालन’ हेच फिरून येत असतील, तर तक्ता फक्त वाचला जातो आहे आणि उपदेश अजूनही विषयाचाच आहे. पाळकसाहेबांची बदली झाली तर ही वही नव्या पाळकांच्या हाती द्यावी, म्हणजे मंडळीने काय ऐकले आहे आणि काय राहिले आहे, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळेल.