ईएसआयची कपात आणि दिवसांचा रकाना

पगार स्लिपवर ‘ईएसआय’च्या नावापुढे दरमहा शंभर-सव्वाशे रुपये वजा झालेले दिसतात आणि बहुतेक कामगार समजतात की आपला विमा चालू आहे. हा समज अर्धाच खरा आहे. स्लिप एवढेच सांगते की मालकाने पैसे कापले. ते कोणत्या विमा क्रमांकावर, किती दिवसांच्या कामापोटी आणि किती वेतन दाखवून भरले, हे कळते ते अंशदानाच्या विवरणातून, आणि आजारपणात हाती पडणारी रोख रक्कम त्याच नोंदींवर ठरते. म्हणून माझे म्हणणे असे, की कपातीच्या आकड्यापेक्षा विवरणातला दिवसांचा रकाना कामगाराने अधिक काळजीने वाचावा.

कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो, मालक आपल्याकडून सव्वातीन टक्के घालतो आणि दोन्ही मिळून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरतो. त्याबदल्यात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे उपचार. ते नोकरीवर रुजू झाल्यापासून स्वतःला आणि अवलंबून असलेल्या कुटुंबाला मिळतात. दुसरी म्हणजे आजारपणामुळे बुडालेल्या मजुरीची भरपाई, आणि तिला अट आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये ही भरपाई मिळते. ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर जुलै ते डिसेंबरमधला हक्क उभा राहतो. दवाखान्यात औषध मिळाले म्हणजे रोख रक्कमही मिळणारच, असे धरून चालणारे कामगार इथे फसतात.

चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमधला ठेकेदारी कामगार डोळ्यांसमोर आणा. रोज ६०० रुपये. एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत तो ३८ दिवस कामावर होता, मग गावी गेला, आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या ठेकेदाराकडे लागून सप्टेंबरअखेर ४८ दिवस भरले. एकूण ८६ दिवस, म्हणजे अट पुरी झाली. फेब्रुवारीत टायफॉइडने तो १४ दिवस अंथरुणावर पडला, तर पहिले दोन दिवस सोडून उरलेल्या १२ दिवसांना सरासरी रोजाच्या ७० टक्के, म्हणजे ४२० रुपये रोजाने ५,०४० रुपये मिळायला हवेत. पण दुसऱ्या ठेकेदाराने जुना विमा क्रमांक न विचारता नवाच काढला, तर ३८ दिवस एका क्रमांकावर आणि ४८ दुसऱ्यावर राहतात. शिवाय नव्या क्रमांकावर तो योजनेत नव्याने आलेला ठरतो, आणि नवागताचा रोख हक्क नोंदणीनंतर नऊ महिन्यांनी सुरू होतो. ८६ दिवसांच्या मजुरीतून सुमारे ३८७ रुपये कापलेले असतात, तरी पाच हजार अडकतात. खरे तर दहा आकडी विमा क्रमांक नोकरी बदलली तरी बदलायचा नसतो. जुना क्रमांक ठेकेदाराला लेखी द्यावा. दोन क्रमांक झालेच असतील तर शाखा कार्यालयात एकत्र करण्याचा अर्ज द्यावा, आणि तो आजारी पडण्याआधी द्यावा.

यावर कोणी म्हणेल, भरण्याची जबाबदारी मालकाची आहे, कामगाराने का तपासायचे? कायदा कामगाराच्या बाजूनेच आहे. मालकाने अंशदान थकवले तरी महामंडळ लाभ देऊन ती वसुली मालकाकडून करू शकते. पण त्यासाठी काम केल्याचा पुरावा लागतो, आणि सहा महिन्यांपूर्वीचे हजेरीकार्ड ताप अंगात असताना शोधणे कठीण असते. ईएसआयसीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या विमा क्रमांकाने विवरण उघडता येते. १५ तारीख उलटली की महिन्याचे दिवस आणि वेतन स्लिपशी ताडून पाहावे. पगारी रजाही दिवसांत धरली जाते. २६ दिवसांच्या जागी १२ दिसले तर त्याच महिन्यात विचारावे, कारण दरमहा १२ म्हणजे सहामाहीत ७२, आणि ७२ वर भरपाई नाही.

दुसरा आक्षेप असा, की दवाखान्यात रांग लावण्यापेक्षा खासगी डॉक्टर बरा. रांगेची तक्रार खरी आहे आणि ती दूर व्हायलाच हवी. पण आजारपणाची भरपाई साधारणपणे विमा दवाखान्याच्या डॉक्टरच्या दाखल्यावर मिळते. खासगी उपचार घेणारा माणूस फीसोबत हा दाखलाही गमावतो, हे त्याला पुष्कळदा कळत नाही.

कामावर अपघात झाला तर मात्र ७८ दिवसांची अट नाही. पहिल्या दिवशी प्रेसमध्ये बोट सापडले तरी तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई सरासरी रोजाच्या ९० टक्क्यांनी मिळते. तिथे दिवसांऐवजी वेतनाचा रकाना महत्त्वाचा होतो. कपात वाचवण्यासाठी ठेकेदाराने ६०० च्या जागी ४०० रुपये रोज दाखवला असेल, तर त्या नोंदीवर ५४० ऐवजी ३६० रुपयेच मिळतील. कपातीत कामगाराचा फायदा रोजी दीड रुपयाचा, आणि हात बरा होईपर्यंत रोज १८० रुपयांचा तोटा.