नफा-तोट्याची दुसरी ओळ

स्पर्धा परीक्षेचा नेहमीचा प्रश्न: दोन पंखे प्रत्येकी ९९० रुपयांना विकले, एकावर १० टक्के नफा, दुसऱ्यावर १० टक्के तोटा, एकूण काय झाले? वहीच्या फोटोत उत्तर होते, ‘ना नफा, ना तोटा’. गुणाकार बरोबर, अक्षरही सुरेख. चूक दुसऱ्याच ओळीत होती: ९९० चे १० टक्के, म्हणजे ९९. टक्केवारी विक्रीवर काढली होती. ती खरेदीवर हवी. पडताळा घ्या. ९९ नफा धरला तर खरेदी ८९१ येते, पण तिच्यावर १० टक्के चढवून ९८०.१० च होतात. खरी खरेदी ९०० आणि ११००, म्हणजे २०००. विक्री १९८०, तोटा २० रुपये. खालच्या ओळी तपासण्यात अर्थ नव्हता.