पायाच्या अंगठ्याचें नखुरडें

पायाचें नखुरडें बहुधा नख चुकीचें कापल्यानेंच होतें. नागपुरांत सीताबर्डीवर नोकरीस जाणाऱ्या एखाद्या कारकुनाचें उदाहरण घ्यावें. अरुंद बूट टोंचतो म्हणून तो अंगठ्याच्या नखाचा कोपरा गोल कापतो. चार दिवस बरें वाटतें. परंतु कोपऱ्यांत राहिलेलें अणकुचीदार टोंक नख वाढूं लागतांच बाजूच्या मांसांत शिरतें. मांस सुजतें, तो अधिक खोल कापतो आणि दुखणें वाढवितो.

म्हणून नख सरळ रेषेंत कापावें व त्याचे कोपरे राखावे. दुखूं लागल्यास पाय कोमट पाण्यांत १०-१५ मिनिटें, दिवसांतून तीन-चार वेळां बुडवावा. मग तो कोरडा करून, मऊ झालेल्या कडेखालीं कापसाची बारीक वात सरकवावी आणि ती रोज बदलावी.

पू झाला, लाल मांस वर आलें किंवा आठवड्याभरांत उतार पडला नाहीं, तर डॉक्टरांकडे जावें. ते बोट बधिर करून नखाची केवळ रुतलेली पट्टी काढतात व तिच्या मुळाशीं फिनॉल लावतात. त्यामुळें ती कड बहुधा पुन्हां उगवत नाहीं. मधुमेह असलेल्यानें मात्र घरीं उपचार न करतां पहिल्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. कारण त्याच्या पायाला वेदना कमी कळते आणि जखम उशिरां भरते.