भिशी लागली, पैसे अडले

12 जणींची भिशी, महिना 2,000 रुपये, जानेवारीपासून सुरू. जुलैची चिठ्ठी तुमच्या नावाची निघाली, पण ऑगस्ट सरला तरी 24,000 रुपये हातात नाहीत. बहुधा आधी भिशी उचललेल्या एखाद-दोघींनी हप्ते थांबवलेले असतात. अशा वेळी जिन्यात वाद घालण्यापेक्षा भिशी चालवणाऱ्या ताईंना पत्र द्यावं:

"ताई, जुलैची भिशी मला लागली. ऑगस्टपर्यंत मी 8 हप्ते, म्हणजे 16,000 रुपये भरले. तपशील सोबत आहे. जुलैत किती जमले, कोणाचे राहिले? जमलेली रक्कम आता द्यावी आणि उरलेली कधी देणार, ती तारीख लिहून द्यावी."

तपशिलात प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम हवी. यूपीआयने भरला असेल तर व्यवहार क्रमांक लिहावा. रोखीसाठी भिशीच्या वहीतल्या नोंदीचा फोटो जोडावा. रोखीचाच हिशेब पुढे नाकारला जातो. एखाद्या हप्त्याचा पुरावा नसेल तर तसं स्पष्ट लिहावं. खोटी तारीख घातली की सगळ्याच नोंदींवर संशय येतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर ताईंची तारखेसह सही घ्या. टाळाटाळ झाली, तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.